‘झाय’ की ‘इस्ट’: जर्मन बातमीच्या एका परिच्छेदाचं भाषांतर कुठे चुकलं आणि कसं सुधारलं

पार्श्वभूमी

दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावातला सुट्या भागांचा कारखाना बंद होणार होता आणि तिथली यंत्रं चाकणच्या शाखेत यायची होती. तिथल्या स्थानिक दैनिकानं पत्रकार परिषदेची सविस्तर बातमी दिली. पुण्यातल्या एका मराठी नियतकालिकाला ती हवी होती, कारण त्यांचा बराच वाचक चाकण-भोसरी पट्ट्यातला. काम एका तरुण अनुवादिकेकडे गेलं. सहा वर्षं ती जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणि इंग्रजीत आणत होती, आणि चोख काम करणारी म्हणून तिचं नाव होतं. मी जर्मन शिकवते. या प्रकरणात मला बोलावलं गेलं ते मजकूर छापून झाल्यावर.

खाली दिलेली वाक्यं मी नव्यानं रचली आहेत, म्हणजे कंपनी, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत. क्रियापदांची रूपं मात्र मूळ बातमीत होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळी गोष्ट त्या रूपांचीच आहे.

मजकूर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी संपादकांना चाकणहून एका कामगार प्रतिनिधीचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “साहेब, तुम्ही छापलंय, तिथे कुणाचीही नोकरी जाणार नाही. हे कंपनीनं लिहून दिलंय का? आमच्या कंत्राटी पोरांना मी काय सांगू?” नवी यंत्रं आली की जुनी लाइन निघणार आणि त्या लाइनवरची मुलं बहुतेक कंत्राटी. त्यामुळे हे एक वाक्य त्यांच्या दृष्टीनं बातमीतलं सगळ्यात मोठं वाक्य होतं. संपादकांनी अनुवादिकेला विचारलं. तिनं मूळ काढून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “मूळात असंच आहे सर. ‘ते म्हणाले’ असं कुठेच लिहिलेलं नाही.”

तिचं बरोबर होतं. ‘ते म्हणाले’ असं त्या परिच्छेदात खरोखरच कुठे नव्हतं.

तो परिच्छेद

मूळ परिच्छेद सात वाक्यांचा. पत्रकार परिषदेत कामगारांच्या बाजूनं आरोप झाला होता की निर्णय त्यांच्यापासून लपवला गेला. त्यानंतर हा परिच्छेद येतो. जर्मन वाक्यं देवनागरीत देते, कारण क्रियापद कानावर पडल्याशिवाय मुद्दा कळत नाही.

पहिलं: ‘डेर गेशेफ्ट्सफ्यूरर वीस डेन फोरवुर्फ त्सुरुक.’ म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांनी आरोप फेटाळला.

दुसरं: ‘डास वेर्क श्रायबे झायट यारेन रोटे त्सालेन.’ शब्दशः, कारखाना कित्येक वर्षं लाल आकडे लिहितो, म्हणजे तोट्यात आहे.

तिसरं: ‘डेर बेट्रीब्सराट झाय इम हेर्ब्स्ट इन्फोर्मीर्ट वोर्डेन.’ कामगार समितीला शरद ऋतूत कळवलं गेलं.

चौथं: ‘डी माशिनेन व्युर्डेन नाख चाकण फेरलागर्ट.’ यंत्रं चाकणला हलवली जाणं.

पाचवं: ‘डोर्ट वेर्डे नीमांड झायनेन आर्बायट्सप्लात्स फेरलीरेन.’ तिथे कुणी नोकरी गमावणार नाही.

सहावं: ‘डेर बेट्रीब बेशेफ्टिग्ट डेरत्सायट 340 मेन्शेन.’ कारखान्यात सध्या 340 माणसं आहेत.

सातवं: ‘त्स्वाय ड्रिटेल फॉन ईनेन झायेन एल्टर आल्स 50.’ त्यांतली दोन तृतीयांश पन्नाशीच्या पुढची.

आणि छापून आलेलं मराठी असं होतं: ‘मात्र व्यवस्थापकीय संचालकांनी हा आरोप फेटाळला. कारखाना गेली अनेक वर्षे तोट्यात होता. कामगार समितीला शरद ऋतूतच कळवण्यात आले होते. यंत्रे चाकणला हलवली जाऊ शकतात. तिथे कुणाचीही नोकरी जाणार नाही. कारखान्यात सध्या 340 जण काम करतात. त्यांपैकी दोन तृतीयांश पन्नाशीच्या पुढचे आहेत.’

मराठी म्हणून वाचायला त्यात काहीच खटकत नाही, आणि म्हणूनच संपादनातही ते कुणाला अडलं नाही.

अडचण कुठे होती

जर्मनमध्ये ‘आहे’ला ‘इस्ट’ म्हणतात. पण दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात आणायचं असेल तर लिहिणारा ‘इस्ट’ न लिहिता ‘झाय’ लिहितो. ‘हाट’च्या जागी ‘हाबे’ येतं, ‘विर्ड’च्या जागी ‘वेर्डे’, ‘कान’च्या जागी ‘क्योने’, ‘मुस’च्या जागी ‘म्युसे’. साध्या क्रियापदात तर एवढंच होतं की शेवटचा ‘ट’ जातो आणि ‘ए’ येतो: ‘श्रायब्ट’चं ‘श्रायबे’. या रूपाला कोन्युंक्टिव आइन्स, म्हणजे पहिला कोन्युंक्टिव म्हणतात. एका अक्षराचा फरक, पण जर्मन वाचकाला त्यातून स्पष्ट कळतं: हे मी, बातमीदार, सांगत नाही, ते सांगताहेत, मी पोचवतोय.

एकदा बोलणारा कोण ते वाचकाला कळलं की बातमीदार ‘ते म्हणाले’ पुन्हा लिहीत नाही. तो नुसती क्रियापदं या रूपात ठेवत जातो, कधी चार वाक्यं, कधी दहा, आणि त्या दहाही वाक्यांवर त्या माणसाचंच नाव लागतं. वरच्या परिच्छेदात ‘आरोप फेटाळला’ हे बोलण्याचं एकमेव क्रियापद आहे. पुढची दुसरी ते पाचवी वाक्यं त्याच्याच छायेत उभी आहेत. मराठीत क्रियापदाला असं रूपच नाही. म्हणून ‘श्रायबे’चं ‘तोट्यात आहे’ केलं की अर्थ बरोबर येतो आणि साक्षीदार नाहीसा होतो.

हे अनुवादिकेच्या लक्षात का आलं नाही, याचं कारण तिच्या निष्काळजीपणात नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कुणी काही म्हणत नसतं. तिथे सूचना असतात आणि वर्णन असतं. सहा वर्षांत तिच्या डोळ्यांखालून हे रूप जवळजवळ गेलंच नव्हतं. बोलण्यातही जर्मन माणूस ते क्वचित वापरतो. तो सरळ ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’ असं साध्या रूपात बोलतो. ‘झाय’चं खरं घर म्हणजे वर्तमानपत्र, वृत्तसंस्था, न्यायालयाचं वार्तांकन, सभेचं इतिवृत्त. वर्गात आम्ही ते एखाद्या आठवड्यात उरकतो, आणि तेही रूपं घोकून. बातमीत ते ओळखायला शिकवत नाही. इथे शिक्षक म्हणून माझ्याकडेही बोट येतं.

चुकीची किंमत मात्र तिसऱ्या वाक्यात सगळ्यात जास्त होती, पाचव्याहूनही. जर्मनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. वीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीत कारखाना बंद करण्यासारखा मोठा बदल होणार असेल, तर त्या समितीला वेळेवर आणि पूर्ण माहिती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे ‘समितीला शरद ऋतूत कळवलं होतं’ हेच भांडणाचं मूळ. जर्मन बातमीदारानं ‘झाय’ लिहून त्यातून अंग काढून घेतलं होतं. मराठीनं मात्र ‘कळवण्यात आले होते’ लिहून मालकाच्या बाजूनं निकाल दिला.

वाक्य वाक्य वेगळं करताना

आम्ही तिघं, म्हणजे संपादक, ती आणि मी, एका टेबलाशी बसलो. मूळ बातमीचा कागद घेतला. तिला म्हटलं, अर्थ बाजूला ठेव, नुसती कर्त्याप्रमाणे रूप बदललेली क्रियापदं शोध आणि त्याखाली रेघ मार. बातमीदाराच्या रूपाला निळी, दुसऱ्याच्या बोलण्याच्या रूपाला लाल.

‘वीस त्सुरुक’ निळी. ‘श्रायबे’ लाल. ‘झाय’ लाल. ‘व्युर्डेन’पाशी तिचा पेन थांबला. ती म्हणाली, “मॅडम, हा तर दुसरा कोन्युंक्टिव. ‘झालं असतं’वाला. म्हणून मी ‘हलवली गेली असती’ लिहिलं होतं.” संपादक म्हणाले, “आणि मला ते विचित्र वाटलं, म्हणून मी ‘हलवली जाऊ शकतात’ केलं.” दोघांच्या चांगल्या हेतूनं एक ठरलेली गोष्ट आधी न घडलेली आणि मग शक्यतेची झाली होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण अनुभवी माणसंही इथेच पडतात. पहिल्या कोन्युंक्टिवचं अनेकवचन बहुतेक क्रियापदांत साध्या रूपासारखंच दिसतं. ‘ती हलवली जातात’ आणि ‘ती हलवली जातात असं ते म्हणाले’, दोन्हीकडे ‘वेर्डेन’; तसंच ‘हाबेन’चंही. वाचकाला फरक दिसणार नाही म्हणून लिहिणारा दुसऱ्या कोन्युंक्टिवकडून रूप उसनं घेतो: ‘वेर्डेन’ऐवजी ‘व्युर्डेन’, ‘हाबेन’ऐवजी ‘हेटेन’. अर्थ बदलत नाही. ‘जर-तर’ नाही, शंका नाही. नुसती खूण स्पष्ट राहावी म्हणून कपडा बदललेला. यंत्रं अनेक आहेत, म्हणून ‘व्युर्डेन’. एकच यंत्र असतं तर बातमीदारानं ‘वेर्डे’ लिहिलं असतं आणि हा घोळ झालाच नसता. ‘असणे’ हे क्रियापद अपवाद: त्याचं अनेकवचन ‘झायेन’ हे साध्या ‘झिंड’पेक्षा इतकं वेगळं आहे की उसनवारीची गरज पडत नाही. सातव्या वाक्यात ते दिसतंच.

मग खरा ‘झालं असतं’ कसा ओळखायचा? बातमीत पुढे कामगार समितीच्या अध्यक्षांची दोन वाक्यं होती, आणि ती जणू याच प्रश्नासाठी लिहिली होती. पहिल्यात ‘डी बेशेफ्टिग्टेन हेटेन’, कामगारांना बंदची बातमी वर्तमानपत्रातून कळली. दुसऱ्यात ‘मान हेटे’, आधी समितीशी बोलायला हवं होतं. अनुवादिकेनं पहिल्याचंही ‘कळलं असतं’ केलं होतं.

दोन्हींत फरक असा. पहिल्यात कर्ता अनेकवचनी, ‘हाबेन’ लिहिलं असतं तर साधं रूप वाटलं असतं, म्हणून ‘हेटेन’ उसनं. ते ‘कळली’ असंच घ्यायचं. दुसऱ्यात कर्ता एकवचनी. तिथे ‘हाबे’ हे स्वच्छ, वेगळं रूप हाताशी होतं. ते असूनही लिहिणाऱ्यानं ‘हेटे’ घेतलं, म्हणजे त्याला खरोखरच ‘व्हायला हवं होतं, झालं नाही’ असं म्हणायचं आहे. मी तिला सांगितलं ती कसोटी एवढीच: दुसरा कोन्युंक्टिव दिसला की विचार, पहिला इथे ओळखू आला असता का? आला नसता, तर उसना. आला असता, तर मुद्दाम. कसोटी पूर्ण निर्दोष नाही. काही लेखक एकवचनातही सवयीनं ‘हेटे’ लिहितात, काही समोरच्याचं म्हणणं पटलेलं नाही हे सुचवायला लिहितात. पण शिस्तीच्या वृत्तपत्रात ती बहुतेक वेळा चालते.

‘वेर्डे’ला लाल रेघ झटकन आली. आणि मग सहावं वाक्य: ‘बेशेफ्टिग्ट’. ती सवयीनं लाल पेन टेकवणार तोच थांबली. शेवटी ‘ट’ होता. निळी. म्हणजे 340 हा आकडा संचालकांचा नाही, बातमीदारानं स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला आहे. त्यानं तो तपासला असणार. आणि लगेच सातव्यात ‘झायेन’, पुन्हा लाल. पन्नाशीपुढच्या लोकांचं प्रमाण हे परत संचालकांचं म्हणणं. वयस्कांना लवकर निवृत्ती देता येईल, म्हणजे नुकसान कमी, हे त्यांना सुचवायचं होतं, आणि बातमीदार त्याला हमी द्यायला तयार नव्हता.

पहिलं वाक्य सोडलं तर कागदावर लाल, लाल, लाल, लाल, मध्येच एक निळी, पुन्हा लाल. संपादक बराच वेळ ती एकटी निळी रेघ पाहत राहिले. म्हणाले, “म्हणजे सगळ्या परिच्छेदाला सरसकट ‘ते म्हणाले’ लावलं असतं, तरी चुकलंच असतं.” हो. दोन्ही बाजूंनी चुकता येतं.

काळाची एक गोष्टही याच वेळी सुटली. ‘श्रायबे’चं तिनं ‘तोट्यात होता’ केलं होतं. ती जर्मन इंग्रजी माध्यमातून शिकली. इंग्रजीत ‘म्हणाला’ आलं की आतला काळ मागे सरकतो, तोच हात इथे चालला. जर्मन तसं करत नाही. बोलणाऱ्यानं जो काळ वापरला तो तसाच राहतो, फक्त रूप बदलतं. मराठीही अगदी हेच करते: ‘मी येतो असं तो म्हणाला’, ‘मी येत होतो असं तो म्हणाला’, दोन्ही वेगळी. तेव्हा जर्मनमधून मराठीत येताना काळाला हात लावायचं काही कारण नाही. कारखाना बातमीच्या दिवशी तोट्यात *आहे*, असं संचालकांचं म्हणणं.

मराठीत कसं आणायचं

ओळखणं झालं. आता लाल रेघ मराठीत कशी दाखवायची यावर आमचा खरा वाद झाला.

अनुवादिकेनं आधी प्रत्येक वाक्यामागे ‘असे ते म्हणाले’ लावून पाहिलं. अर्थ चोख, पण चौथ्या वाक्याला वाचणारा कंटाळतो, आणि संपादनात पहिली कात्री त्याच शब्दांवर चालते.

संपादक म्हणाले, सरळ अवतरणचिन्हं टाकू: ‘आमच्या कारखान्यात…’ मी ठाम नकार दिला. पहिला कोन्युंक्टिव म्हणजे बातमीदारानं केलेला गोषवारा. संचालकांनी नेमके काय शब्द वापरले ते आपल्याला ठाऊक नाही. अवतरण टाकलं की आपण त्यांच्या तोंडी शब्द घालतो, तेही अशा भाषेत जी ते बोलत नाहीत.

मग कुणीतरी ‘म्हणे’ सुचवलं. ‘कारखाना तोट्यात आहे म्हणे.’ मोह पडावा असाच शब्द आहे हा: एकच शब्द, वाक्याच्या टोकाला, आणि ‘माझं नव्हे, ऐकीव’ हे सांगणारा. रूपाच्या दृष्टीनं ‘झाय’च्या सगळ्यात जवळचा. पण मराठीत ‘म्हणे’ला स्वतःचा स्वर आहे. त्यात ‘बघा बुवा, खरं-खोटं देव जाणे’ असतं, कधी टोमणाही असतो. ‘झाय’मध्ये तो नाही. ‘झाय’ लिहिणारा शंका घेत नाही आणि पाठिंबाही देत नाही. म्हणून बातमीत ‘म्हणे’ घातलं असतं, तर आधी मालकाच्या बाजूनं झुकलेला मजकूर आता त्याच्या विरुद्ध झुकला असता.

उत्तर शेवटी मराठी वर्तमानपत्राच्याच जुन्या सवयीत सापडलं. ‘असल्याचे त्यांनी सांगितले.’ ‘येणार असल्याचे ते म्हणाले.’ ‘झाल्याचे त्यांचे म्हणणे आहे.’ आपण हे रोज वाचतो आणि त्याला वृत्तपत्री थाट म्हणून नाक मुरडतो. मीही मुरडत आले. पण क्रियापदाचं ‘आहे’ काढून ‘असल्याचे’ करणं म्हणजे वाक्य स्वतःच्या पायावर उभं न ठेवता दुसऱ्याच्या बोलण्याला टेकवणं, आणि ‘इस्ट’चं ‘झाय’ करतानाही नेमकं तेच होतं. त्याला एक बंधन मात्र आहे: जर्मन रूप एकटं उभं राहू शकतं, मराठी ‘असल्याचे’ला शेवटी बोलण्याचं क्रियापद लागतंच. त्यामुळे दोन-तीन वाक्यं एका क्रियापदाखाली गोळा करावी लागतात.

आणि ते क्रियापद कोणतं, इथे चूक माझ्या हातून झाली. मी पहिल्या मसुद्यात लिहिलं: ‘कामगार समितीला शरद ऋतूतच कळवण्यात आल्याचे त्यांनी स्पष्ट केले.’ अनुवादिकाच म्हणाली, “मॅडम, ‘स्पष्ट केले’ म्हटलं की ते खरंच झालं असं वाटतं.” तिनं बरोबर पकडलं. मराठीत जे असतं ते स्पष्ट करतात. ‘निदर्शनास आणून दिले’, ‘माहिती दिली’, ‘कबूल केले’ यांचंही तसंच. आतली गोष्ट खरी धरूनच ती क्रियापदं बोलतात. दुसऱ्या टोकाला ‘दावा केला’ आहे, तो संशय चिकटवतो. ‘सांगितले’, ‘म्हणाले’, ‘म्हणणे आहे’, ‘म्हणण्यानुसार’ हे मधले. साधे, थोडे रूक्ष, पण ‘झाय’इतकेच तटस्थ. आम्ही तेवढेच ठेवले.

‘दावा’ आम्ही पूर्ण टाकला नाही, कारण त्याची जागा याच बातमीत होती. खाली एक वाक्य होतं की काही कागदपत्रं नष्ट केली गेली असावीत, आणि संचालकांना त्याची कल्पना नव्हती. पहिल्यात ‘झोल’ होतं, दुसऱ्यात ‘विल’. ही एरवी ‘पाहिजे’ आणि ‘इच्छिणे’ अशा अर्थांची क्रियापदं. बातमीत घडून गेलेल्या गोष्टीबरोबर आली की ‘झोल’ म्हणजे ‘असं बोललं जातं’, कुणाकडून ते न सांगता, आणि ‘विल’ म्हणजे ‘असं तो स्वतःबद्दल सांगतो’, त्यात बातमीदाराची शंका डोकावते. ‘विल’साठी ‘आपल्याला याची काहीच कल्पना नव्हती, असा त्यांचा दावा आहे’ हे बरोबर बसतं. तिथला ‘आपल्याला’ही पाहा. जर्मनमध्ये नुसतं ‘तो’ येतं आणि कोणता तो हे कधी कधी संदिग्ध राहतं. मराठी ‘आपण’ बोलणाऱ्यालाच नेमकं धरतं.

काय केलं

दुरुस्त परिच्छेद असा छापला:

‘व्यवस्थापकीय संचालकांनी हा आरोप फेटाळला. त्यांच्या म्हणण्यानुसार, कारखाना गेली अनेक वर्षे तोट्यात असून कामगार समितीला शरद ऋतूतच याची माहिती देण्यात आली होती. यंत्रे चाकणला हलवण्यात येणार असल्याचे आणि तिथे कुणाचीही नोकरी जाणार नसल्याचे त्यांनी सांगितले. या कारखान्यात सध्या 340 जण काम करतात. त्यांपैकी दोन तृतीयांश कामगार पन्नाशीपुढचे असल्याचे संचालकांचे म्हणणे आहे.’

त्याच्याखाली दुरुस्तीची चौकट होती. संपादकांना ती एका ओळीची हवी होती. मी आग्रह धरला की कोणतं वाक्य कुणाचं होतं ते त्यात यावं, नाहीतर ज्यांनी पहिला मजकूर वाचला त्यांना काय बदललं ते कळणारच नाही. चौकट चार ओळींची झाली. ‘नोकरी जाणार नाही हे कंपनीच्या संचालकांचे विधान आहे, आमच्या प्रतिनिधीने पडताळलेली वस्तुस्थिती नाही’ असं सरळ लिहिलं.

‘म्हणण्यानुसार’ सुरुवातीला आणि ‘सांगितले’ शेवटी, असं दोन्हीकडे का ठेवलं, त्यालाही कारण आहे. जर्मनमध्ये खूण प्रत्येक क्रियापदात असते; परिच्छेद कुठेही कापा, उरलेल्या वाक्यावर ती राहते. मराठीत ‘असे त्यांनी सांगितले’ अगदी टोकाला येतं, आणि पानात जागा कमी पडली की कापतात ते टोकच. याच नियतकालिकात पूर्वी एकदा तसं घडल्याचं संपादकांना तिथेच आठवलं: शेवटची ओळ गेली आणि वरची तीन विधानं उघडी पडली.

पुढे काय झालं

चाकणच्या प्रतिनिधींनी दुरुस्तीची चौकट कापून नेली. नंतर त्यांनी फोनवर सांगितलं की व्यवस्थापनाशी झालेल्या बैठकीत त्यांनी तोच प्रश्न ठेवला: हे तुमच्या साहेबांनी तिकडे सांगितलं, इकडे लेखी द्याल का? लेखी मिळालं ते फक्त कायम कामगारांबद्दल. कंत्राटी मुलांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पहिला मजकूर तसाच राहिला असता, तर हा प्रश्न कदाचित विचारलाच गेला नसता, कारण छापून आलेलं वाक्य उत्तरच देऊन बसलं होतं.

बोलणारा कोण हे पुसलं गेलं तर काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण जर्मनीतच आहे. 10 नोव्हेंबर 1988 रोजी संसदेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी 1938 च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनी भाषण केलं. त्या काळचे सामान्य जर्मन मनात काय म्हणत असतील ते त्यांनी त्यांच्याच विचारांच्या सुरात बोलून दाखवलं, पण ‘असं ते म्हणत’ ही खूण पुरेशी ठेवली नाही. ऐकणाऱ्या अनेकांना ते येनिंगर यांचंच मत वाटलं. सभागृहातून लोक उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. ते भाषण कागदावर शांतपणे वाचलं तर त्यांचा हेतू दोषारोपाचाच होता हे दिसतं. मी हे अनुवादिकेला सांगितलं ते तिला घाबरवायला नव्हे. ती स्वतःला फार दोष देत होती. मातृभाषेत, लिहून आणलेल्या भाषणातही ही खूण निसटते, हे तिला कळावं असं मला वाटलं.

आज हे काम पुन्हा आलं तर

मी पहिल्यांदा मजकुराचा प्रकार विचारीन. अनुवादक निवडताना संपादकांनी ‘जर्मन येतं का’ एवढंच पाहिलं. ‘जर्मन बातम्या वाचता का’ हे विचारलं नाही. माहितीपुस्तिकेचा अनुवादक बातमी करू शकतो, पण त्याला पहिली एक-दोन कामं कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवीत.

दुसरं, रेघा मारलेला कागद मराठी मसुद्याबरोबर संपादकाकडे जावा. जर्मन न येणाऱ्यालाही लाल-निळं कळतं. संपादकांनी ‘हलवली गेली असती’ हे विचित्र वाक्य पाहिलं तेव्हा ते गुळगुळीत केलं. खरं तर ते विचित्र होतं म्हणूनच परत पाठवायला हवं होतं. बातमीच्या भाषांतरात अचानक ‘असती’, ‘असता’ उगवलं की बहुधा तिथे उसना कोन्युंक्टिव दडलेला असतो.

तिसरं, रंगांवरही पूर्ण विसंबता येत नाही. ‘लाउट’ म्हणजे ‘च्या म्हणण्यानुसार’ हा शब्द आला की जर्मन क्रियापद साध्याच रूपात राहतं: ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालक दारू प्यायलेला होता’, इथे क्रियापद निळंच, तरी विधान पोलिसांचं. आमच्या बातमीत असं एक वाक्य कामगार संघटनेच्या आकड्याबद्दल होतं आणि पहिल्या फेरीत मी स्वतः ते बातमीदाराच्या खात्यात टाकलं होतं. आता मी अशा शब्दांना वेगळी, हिरवी रेघ मारायला सांगते. उलट, लाल दिसणारं प्रत्येक ‘झाय’ही कुणाचं बोलणं नसतं. ‘देवाचे आभार’ या अर्थाच्या ‘गॉट झाय डांक’मध्येही तेच रूप आहे, आणि गणिताच्या पुस्तकात ‘समजा, क्ष ही एक संख्या आहे’ हे वाक्यही ‘झाय’नंच सुरू होतं.

वर्गात मी एक बदल केला आहे. रूपांचा तक्ता आता शेवटी देते. आधी एक ताजी बातमी देते आणि विद्यार्थ्यांना एकच काम सांगते: प्रत्येक वाक्यापुढे ते कुणाचं, त्या माणसाचं नाव लिहा. परवा एका मुलीनं तिच्या कागदावर एका वाक्यापुढे दोन नावं लिहिली, मग एक खोडलं, मग पुन्हा लिहिलं. मूळात ‘झोलेन’ होतं, अनेकवचनी, आणि ते साधं रूप की दुसऱ्या कोणाचा निरोप हे त्या वाक्यावरून खरंच ठरत नव्हतं. तिला मागची आणि पुढची दोन वाक्यं वाचायला लावली. दोन्हीकडे ‘झाय’ होतं. तिनं खोडलेलं नाव परत नीट लिहून काढलं.